कोडे क्रमांक ९ : एका तिवड्यासाठी लिहिलेला ईमेल

या महिन्यात माझ्या स्वतःच्या कोड्याचे काम फारसे पुढे सरकले नाही, कारण कोडी रचणाऱ्या एका स्नेह्यांनी त्यांचे नववे कोडे तपासण्यासाठी पाठवले होते आणि त्यातल्या एकाच आडव्या शब्दाने माझे दोन दिवस घेतले. कोडे ११ × ११ घरांचे, नेहमीप्रमाणे एका घरात एक अक्षर. मी ते स्वतः सोडवले आणि मग घरातल्या दोघांना कोरी प्रत दिली. बाकीचे कोडे दोघांनीही तासाभरात पूर्ण केले, परंतु १२ आडवा एकीने रिकामा सोडला आणि दुसऱ्याने तिथे ‘तिकडा’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. उत्तर होते ‘तिवडा’. त्यानंतर स्नेह्यांना पाठवलेला ईमेल, त्यांच्या परवानगीने, येथे नोंदवून ठेवतो.

“स. न. वि. वि.

कोडे आवडले, विशेषतः उजवीकडचा वरचा कोपरा. १२ आडव्याबद्दल मात्र दोन हरकती आहेत. तुमचे सूत्र असे आहे : ‘ज्याला बैल बांधून ज्याभोवती मळणीच्या वेळी फिरवले जातात असा खळ्यातला मधला जो तो खांब’. हे मी मोठ्याने वाचले तेव्हा ‘ज्याभोवती’पाशी अडखळलो. दोन ‘ज्या’ आणि एक ‘जो’ अशा तीन जोडण्या एका ओळीत आल्यामुळे कोण बांधले जाते आणि कोण फिरते, हे कळण्यासाठी वाक्य पुन्हा वाचावे लागते, आणि ‘खांब’ हा नेमका शब्द सर्वांत शेवटी हाती येतो. ‘मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खळ्यातला खांब’ एवढे पुरेसे आहे. बैल त्याला बांधलेले असतात हे सांगण्याची गरज नाही, कारण ते फिरतात म्हटल्यावर ते ओघानेच आले.

परंतु सूत्र सुधारूनही अडचण संपत नाही. तिवडा कोशात आहे, शेतकरी घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीही असेल. पण मळणी यंत्र आल्यापासून खळ्यात बैलांची पात धरलेली ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांना तो खांबच ठाऊक नाही, मग त्याचे नाव कुठून आठवणार? माझ्या आजोळी त्याला मेढ म्हणत, म्हणजे ज्याने खळे पाहिले आहे तोही अडू शकतो. तरीही अनोळखी शब्द मी चालवून घेतला असता, जर त्याची तिन्ही अक्षरे उभ्या शब्दांतून मिळत असती. इथे ‘ति’ तिजोरीतून मिळते, ‘डा’ डाळिंबातून मिळते, आणि मधल्या ‘व’च्या घरातून एकही उभा शब्द जात नाही. सोडवणाऱ्यापुढे ‘ति–डा’ एवढेच उरते आणि त्यात काय भरावे हे ठरवायला त्याच्याकडे आधार नसतो. आमच्याकडचा ‘तिकडा’ हा त्याचाच पुरावा.

काळी घरे न हलवता एक उपाय दिसतो. ‘ति’च्या जागी ‘के’ ठेवा, म्हणजे ‘केवडा’ होतो. मग उभा ‘तिजोरी’ बदलावा लागेल. तिचे शेवटचे ‘री’ तुमच्या ‘शिदोरी’ला जोडलेले असल्यामुळे ते तसेच राहिले पाहिजे, पण मधले ‘जो’ मोकळे आहे. तिथे ‘केसरी’ चपखल बसतो : ‘सिंह, आणि १८८१ मध्ये पुण्यात सुरू झालेले वृत्तपत्र’. केवड्यासाठी ‘बनात दरवळणारे कणीस’ हे सूत्र सुचते. कणीस म्हटल्यावर माणूस आधी मक्याकडे जाईल, आणि मग ‘बन’ व ‘दरवळ’ त्याला परत आणतील. ‘के–डा’ अशी दोन अक्षरे हाती असताना मधले घर मोकळे असले तरी तिथे कोणी अडणार नाही.

कळावे, लोभ असावा.”

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. सूत्राची हरकत त्यांनी लगेच मान्य केली. ते वाक्य रात्री उशिरा, जागा भरायची म्हणून लिहिले होते, असेही कळवले. शब्दाबद्दल मात्र ते थोडे नाराज होते, आणि त्यांचे म्हणणे मला पटले : सोपे शब्दच वापरत राहिलो तर कोड्यातून नवा शब्द कोणालाच मिळणार नाही. शिवाय तिजोरी गेल्यामुळे ‘पैसा गिळून गप्प बसणारी’ हे त्यांचे आवडते सूत्रही जात होते, ज्याचा मी ईमेल लिहिताना विचारच केला नव्हता.

शेवटी नवव्या कोड्यात केवडा आणि केसरी आले. तिवडा दहाव्या कोड्यासाठी राखून ठेवला आहे, तिन्ही घरांतून उभे शब्द जातील अशा जागी. त्याच्या ‘व’साठी ‘नवल’ घ्यावा की ‘सवत’, यावर आमचा ईमेल-व्यवहार अजून चालू आहे.