नाव काढायचंय

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आमची लेक माझं माहेरचं नाव गुगलवर टाकून बघत होती. हा तिच्या अकरावीतल्या मैत्रिणींचा सध्याचा खेळ आहे, आयांचा भूतकाळ धुंडाळायचा. एकदम किंचाळली, "आई, तू अजून उपवर आहेस!"

मी चष्मा लावून पाहिलं. साताऱ्याच्या फोटो स्टुडिओत काढलेला माझा फोटो, मोरपंखी साडी, मागे पडद्यावर रंगवलेलं तळं. खाली वय 44. फोटो चोविसाव्या वर्षीचा, पण जन्मतारखेवरून वय मोजायचं काम यंत्राकडे असल्यामुळे दर वाढदिवसाला ते इमानदारीने एक आकडा वाढवत आलेलं. उंची पाच फूट दोन, रंग गहू गोरा, आवड: स्वयंपाक, वाचन. अपेक्षा: निर्व्यसनी, पुण्यामुंबईत स्वतःचं घर. स्वयंपाकाची आवड वाचून नवरा सोफ्यावरून उठून बसला.

हे सगळं मामाचं काम. 2005 साली साताऱ्यात सायबर कॅफेत तासाला वीस रुपये भरून त्याने माझं नाव एका छोट्या विवाहमंडळाच्या संकेतस्थळावर घातलं होतं. ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, पासवर्ड त्याचा. मी फक्त फोटो दिला होता. पुढे माझं लग्न ठरलं ते मावशीच्या शेजारणीच्या ओळखीतून. ते नाव काढून टाकावं हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. विवाहमंडळाच्या वहीत नाव घातलं की लग्नानंतर ते आपोआप शिळं होतं, अशी आमच्याकडची समजूत. मधल्या काळात ते छोटं मंडळ एका मोठ्या कंपनीने घेतलं आणि वहीसकट मीही तिकडे गेले.

"डिलीट कर की," लेक म्हणाली. तिच्या पिढीला हे क्रियापद फार सोपं वाटतं.

डिलीट करायचं तर आत जायला हवं. आत जायचं तर पासवर्ड. "पासवर्ड विसरलात?" वर बोट ठेवलं की म्हणे, तुमच्या ईमेलवर लिंक पाठवली आहे. पत्त्याचं पहिलं आणि शेवटचं अक्षर दिसतं, मधे चांदण्या. मामाला फोन लावला. मामा आता अठ्ठ्याहत्तरचा, पुण्यात मुलाकडे असतो. त्याच्या टेलिफोन डायरीच्या शेवटच्या पानावर सगळे पासवर्ड निळ्या शाईत लिहिलेले आहेत, त्यात या मेलचाही होता. पण पेटीच नव्हती. मोफत मेल देणाऱ्या कंपन्या वर्ष दोन वर्षं कुणी फिरकलं नाही की पेटी बंद करतात. गुगलनेसुद्धा डिसेंबर 2023 पासून दोन वर्षं न उघडलेली खाती पुसायला घेतली. मामा तर दहाएक वर्षं तिकडे गेलाच नव्हता. किल्ली हातात, घर पाडलेलं.

लेकीने लगेच तोड काढली: त्याच नावाची नवी मेल उघडायची, म्हणजे लिंक आपल्याकडेच येईल. करून पाहिलं. ते नाव मिळत नाही, असं उत्तर आलं. ती हिरमुसली, मला मात्र जरा बरं वाटलं. कारण आम्हाला मिळालं असतं तर कुणालाही मिळालं असतं, आणि मग त्या पत्त्यावर मामाने जिथे जिथे नाव नोंदवलंय तिथल्या सगळ्या किल्ल्या त्या माणसाच्या दारात पडल्या असत्या. गुगल बंद केलेलं नाव पुन्हा कुणालाच देत नाही. याहूने मात्र 2013 मध्ये वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना वाटायचं ठरवलं होतं. तेव्हा त्यांच्या आणि फेसबुकच्या माणसांनी मिळून एक युक्ती काढली: पत्र पाठवणाऱ्याने वर एक ओळ लिहायची, "हा पत्ता अमुक तारखेपासून याच माणसाचा असेल तरच पत्र आत टाका." 2014 मध्ये ती रीतसर नियम म्हणून छापलीही गेली, RFC 7293. पण ती ओळ पाठवणाऱ्याने लिहायला हवी आणि घेणाऱ्याने वाचायला हवी. म्हणून बंद पडलेल्या मेलवर अडकलेली जुनी खाती सापडतील तशी मिटवलेली बरी.

दुसरा रस्ता होता सुरक्षा प्रश्नाचा. "तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?" मामाकडे मोती होता, सगळ्या गल्लीला ठाऊक. पण मामाने तो रोमन लिपीत कसा लिहिला असेल? `Moti`, `Motee`, `Mothi`? मामाला विचारलं तर म्हणाला, "मी मोत्या म्हणायचो त्याला." आणखी थोड्या खटपटीनंतर त्या पानाने आम्हाला दिवसभरासाठी बंदी घातली. बंदी योग्यच होती म्हणा. गल्लीला ठाऊक असलेलं उत्तर म्हणजे कुलूप कसलं?

उरला मोबाइल. मामाचा साताऱ्याचा नंबर त्याने पुण्याला आल्यावर सोडून दिला होता. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान 90 दिवस बाजूला ठेवतात आणि मग नव्या गिऱ्हाइकाला देतात. लावला तर उचलला कुणीतरी.

"हॅलो, मी एका विवाहमंडळाच्या खात्यासंबंधी..."

"तुम्ही का त्या!" पलीकडून आवाज. "ताई, तुमच्या स्थळासाठी मला फोन येतात अजून. मागच्या दिवाळीत एक जण बीडवरून बोलत होते. मी सांगितलं, मुलगी माझी नाही."

मी मनापासून माफी मागितली आणि हळूच विचारलं, की आता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे सांगाल का? म्हणजे मी नाव काढून टाकते, तुमचीही कटकट संपेल.

"ओटीपी?" ते गृहस्थ एकदम ताठ झाले. "ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. बँकेवाले रोज मेसेज पाठवतात."

यावर काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, वर नंबरही ब्लॉक केला असता.

मग संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो तो तक्रार अधिकारी शोधला. 2021 च्या आयटी नियमांनी अशा कंपन्यांना त्याचं नावपत्ता छापणं बंधनकारक केलं. तक्रार आल्याची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत द्यावा, असं त्यात होतं. पोच वेळेत आली. पाठोपाठ उत्तरही: "कृपया आपली विनंती नोंदणीकृत ईमेलवरून पाठवा." मी ज्या मेलच्या मरणाची बातमी कळवली होती, त्याच मेलवरून.

रागाने लिहिलेला मजकूर खोडून दुसरं पत्र लिहिलं आणि ते मात्र नीट लिहिलं. प्रोफाइलचा क्रमांक, पानाचा पूर्ण पत्ता, स्क्रीनशॉट, माहेरचं नाव, जन्मतारीख, ईमेल बंद, मोबाइल दुसऱ्याच्या नावावर. शेवटी एकच प्रश्न: या दोन्हींशिवाय मी मीच आहे हे तुम्हाला कशाने पटेल? असं विचारलं की साचेबंद उत्तर पाठवणारा माणूस जरा थांबतो. उत्तर आलं, सरकारी ओळखपत्र पाठवा.

म्हणजे त्यांच्याकडे असलेली माझी उंची पुसण्यासाठी मी त्यांना आधार द्यायचं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क केलेलं आधार निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते काढलं, त्यावर आडवं लिहिलं, "फक्त खाते बंद करण्यासाठी" आणि तारीख. पण आधारवर सासरचं नाव. प्रोफाइलवर माहेरचं. दोघी एकच, हे सांगणारा कागद घरात एकच होता: विवाह नोंदणीचा दाखला. तोही जोडला. वराच्या शोधात असलेल्या मुलीने आपली ओळख पटवायला लग्नाचा दाखला जोडायचा, आणि समोरच्याने तो तपासून "पडताळणी यशस्वी" म्हणायचं. त्या कारकुनाला हसू आलं की नाही, कोण जाणे. मेलवरून कळत नाही.

कंपनीने स्वतः काही पुसलं नाही. माझा ईमेल नोंदवला, लिंक पाठवली आणि शेवटी मी आत गेले.

आत तर बाजार होता. तीसेक स्थळं, आणि प्रत्येकाला मामाने माझ्या नावाने उत्तर दिलेलं. "मुलगी विचार करते आहे." "पत्रिका जुळत नाही, क्षमस्व." कराडच्या एका इंजिनियरला तर चक्क, "आपले अक्षर आवडले." टाइप केलेल्या मजकुराला! मुलगी विचार वगैरे काही करत नव्हती, ती तेव्हा बँकेच्या परीक्षेचे फॉर्म भरत होती. मी सगळं वाचून काढलं. नवराही मागे उभा राहून वाचत होता आणि मधेच "हा बरा होता" म्हणत होता.

आधी फोटो काढला, मग पत्ता, शिक्षण, अपेक्षा एकेक करून रिकामं केलं आणि सेव्ह केलं. खातं बंद केल्यावरही जुनी प्रत कुठेतरी राहिली, तर त्यात निदान ताजी प्रत पोकळ असावी. "प्रोफाइल लपवा" असं मोठं हिरवं बटण होतं. ते दाबलं की नाव दिसायचं थांबतं, पण वहीत राहतं. "कायमचं काढा" सेटिंगच्या तळाशी करड्या अक्षरात होतं. तिथे कारण विचारलं: आमच्याकडून लग्न ठरलं, दुसरीकडे ठरलं, सध्या विचार नाही. नवरा म्हणाला, तिसरं टाक.

पान गेलं, तरी गुगलच्या यादीत साडीवाली ओळ होतीच. त्यासाठी गुगलचं वेगळं पान आहे, Refresh Outdated Content. मूळ पान नाहीसं झालेलं असलं की तिथे पत्ता टाकायचा, मग यादीतलंही निघतं. काही दिवसांनी निघालं.

मामाला कळवलं तर म्हणाला, "बरं झालं. पण अगं, त्याच मेलवरून मी संजूचंही घातलं होतं."

संजू माझा मावसभाऊ, सत्तेचाळीसचा, कोल्हापूरला एकटाच असतो. मी त्याला फोन केला. म्हटलं, सगळी रीत आता पाठ झालीय, आधार तेवढं पाठव, तुझंही काढून टाकते.

जरा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "असू दे गं. नंबर तेवढा बदलता येतो का बघ."