हेडलाईनमध्ये पदाचं नाव नको, टेबलावरचा विषय लिहा

"मॅडम, पंचवीस वर्षं झाली, प्लांट हेड आहे, आता कुठल्या तरी बोर्डावर किंवा वरच्या जबाबदारीवर जायचंय पण नेमकी एक पोस्ट अशी डोक्यात नाही, मग लिंक्डइनच्या हेडलाईनमध्ये लिहू तरी काय?"

मी सांगलीत विश्रामबागला कंपनी सेक्रेटरीची प्रॅक्टिस करते, म्हणून बोर्ड मीटिंगच्या टेबलाची आतली बाजू रोज बघते, आणि हेडलाईन त्या बाजूनं बघावी असं मला मनापासून वाटतं. बोर्डावर माणूस घेताना प्रमोटर 'प्लांट हेड हवा' असं म्हणत नाही. तो म्हणतो, आपण दुसरा प्लांट टाकतोय, बँकेचं मोठं कर्ज घेतोय, आणि आपल्यात कुणीच इतकी मोठी उभारणी केलेली नाही, हे विचारायला कुणीतरी पाहिजे. म्हणजे खुर्ची पोस्टसाठी नसते, एका चर्चेसाठी असते, आणि ती चर्चा कुठली हे तुमच्या नावाखालच्या ओळीतनं समोरच्याला कळायला हवं.

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका साहेबांचं उदाहरण सांगते (त्यांना विचारूनच लिहितेय, नाव नको म्हणाले). फौंड्रीतला माणूस, गाड्यांची कास्टिंग. त्यांची हेडलाईन होती 'प्लांट हेड' आणि पुढं कंपनीचं नाव, जी लिंक्डइन आपल्या नोकरीवरनं आपोआप भरतं तीच. याची अडचण अशी की वाचणाऱ्याला वाटतं हा माणूस दुसऱ्या प्लांटचा प्लांट हेड व्हायला तयार आहे, आणि फोन पण तसलेच येतात, त्यांना तर ते नकोच होते. मग कुणाचं तरी ऐकून त्यांनी केलं 'व्हिजनरी लीडर, स्ट्रॅटेजिस्ट, चेंज मेकर, मेंटर'. हे पहिल्यापेक्षा वाईट, कारण माणूस शोधणारे लोक सर्चमध्ये फौंड्री, कास्टिंग, ऑपरेशन्स असे शब्द टाकतात, व्हिजनरी कुणी टाकत नाही, आणि त्या ओळीवरनं माणूस कापडाच्या धंद्यातला का हॉस्पिटलमधला हे पण कळत नव्हतं.

तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं 'एस्पायरिंग इंडिपेंडंट डायरेक्टर', म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला, बाहेरचा स्वतंत्र संचालक व्हायचंय, आणि इथं मात्र मी त्यांना फोनच केला. एक तर 'एस्पायरिंग' म्हटलं की तुम्हाला काय पाहिजे ते कळतं, तुमच्याकडं काय आहे ते नाही. दुसरं म्हणजे ते अजून नोकरीत होते, त्यांचे एमडी पण लिंक्डइनवर आहेत, आणि बहुतेक अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतं की बाहेर डायरेक्टर व्हायचं असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. आधी परवानगीचं बोलून घ्या मग हेडलाईन, हा क्रम उलटा करू नका. आणि काहीजण तर 'एस्पायरिंग' पण काढून नुसतं 'इंडिपेंडंट डायरेक्टर' लिहितात, कुठल्याच कंपनीनं नेमलेलं नसताना. डायरेक्टरांची नावं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साईटवर कुणालाही बघता येतात, दोन मिनिटांत कळतं.

मग आम्ही त्यांच्या घरी बसलो, वहिनींनी चहा आणि कंदी पेढे आणून ठेवले, आणि मी त्यांना एकच विचारलं, साहेब, बोर्डात कुठला विषय निघाला की सगळे तुमच्याकडं बघतील? त्यांनी पहिल्यांदा सगळंच सांगितलं, क्वालिटी, युनियन, खरेदी, एक्स्पोर्ट. पण बोलता बोलता निघालं की दुसरी मेल्टिंग लाईन त्यांनी जमिनीपासून उभी केली होती, भट्टीची ऑर्डर, वीज कनेक्शनचा लोड, बँकेसमोरचं प्रेझेंटेशन, सगळं, आणि खर्च ठरलेल्या आकड्याच्या फार बाहेर गेला नव्हता. ते सांगताना आवाजच बदलला होता त्यांचा. हाच तो विषय.

हेडलाईनला स्पेस धरून 220 अक्षरं मिळतात, पण फोनवर सर्चमध्ये किंवा कमेंटखाली सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, बाकीचं कापलं जातं. म्हणून विषय पहिला, आवाका दुसरा, बाकी मागं. शेवटी ठरलेली ओळ अशी (इंग्रजीतच टाईप केली, सर्च इंग्रजीत होतो म्हणून, इथं फक्त देवनागरीत देते): 'फौंड्री आणि ऑटो कास्टिंग: प्लांट एक्स्पान्शन, कॅपेक्स | 3 प्लांट, 1,100 माणसं, पूर्ण पी अँड एल | बोर्ड फोकस: रिस्क, सेफ्टी | आयआयसीए इंडिपेंडंट डायरेक्टर टेस्ट पास'. इंग्रजीत दीडशे अक्षरांच्या आसपास बसली.

यात पोस्टचं नाव कुठंच नाही, पण तीन प्लांट आणि अकराशे माणसं वाचलं की माणूस कुठल्या पातळीवरचा आहे ते लगेच कळतं. पोस्ट काढून टाकायची तर हा आवाका आलाच पाहिजे, नाहीतर सुपरवायझर आणि सीओओ सारखेच दिसतात. त्यांना उलाढालीचा आकडा पण टाकायचा होता, मी नको म्हटलं, कारण युनिटवार उलाढाल कंपनीनं कधी बाहेर छापलेली नव्हती, आणि जो माणूस आत्ताच्या कंपनीचा आतला आकडा जाहीर लिहितो त्याच्या हातात दुसरा प्रमोटर स्वतःचे कागद कसे देईल?

टेस्टबद्दल थोडं. कंपनी कायद्याखाली इंडिपेंडंट डायरेक्टरांची जी डेटाबँक आहे ती आयआयसीए ही त्याच मंत्रालयाची संस्था चालवते, तिथं नाव नोंदवल्यावर ऑनलाईन परीक्षा द्यावी लागते आणि पास व्हायला 50 टक्के लागतात (अनुभवावर काही जणांना सूट मिळते, यांना नव्हती). ती पास केली असेल तर लिहा, पण शेवटी, कारण ती प्रवेशाची अट आहे, ती वाचून कुणी बोलावत नाही. आणि एक गोष्ट बरेचजण विसरतात, कलम 149(6) प्रमाणे गेल्या तीन आर्थिक वर्षांत तुम्ही ज्या कंपनीत किंवा तिच्या ग्रुपमध्ये नोकरीला होता तिथं इंडिपेंडंट होता येत नाही. म्हणजे ही ओळ तुमच्या ओळखीच्या लोकांसाठी नाहीच, तुमचं नाव कधी न ऐकलेल्या माणसासाठी आहे, म्हणून कंपनीतले शॉर्टफॉर्म, डिव्हिजनची नावं, अंतर्गत अवॉर्ड यातलं काही तिथं नको.

ओळ बरोबर बसली का हे मी फोन कशासाठी येतात त्यावरनं ओळखते. प्लांट हेडच्या नोकरीसाठीच येत राहिले तर सुरुवातीचे शब्द अजून पोस्टसारखे वाचले जातायत, आणि 'आम्हाला ट्रेनिंग द्याल का' असे यायला लागले तर ओळ फार ढगात गेलीय.

साताऱ्याच्या साहेबांना पाच महिन्यांनी चाकणच्या एका घरच्या कंपनीतनं फोन आला, नवीन लाईन टाकत होते, पहिलाच प्रश्न वीज लोडचा होता. त्यांनी ह्यांना सल्लागार मंडळावर घेतलं, संचालक मंडळावर नाही. त्या रात्री साहेबांचा मेसेज, आता हेडलाईनला 'बोर्ड मेंबर' टाकू का? मी लगेच नको म्हणून कळवलं. सल्लागाराला बोर्डात मत नसतं आणि कायद्यानं येणारी डायरेक्टरची जबाबदारी पण नसते, वाचणाऱ्याला तो फरक कळतो. मग आम्ही शेवटचा टेस्टचा तुकडा तसाच ठेवला, आणि त्याच्या आधी फक्त 'ॲडव्हायझरी बोर्ड, ऑटो पार्ट्स' एवढं घातलं.