नमुना

‘नोटीसच तर आहे, इंग्रजीची मराठी करायला एवढे प्रश्न कशाला विचारता ओ?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पूर्वी मी पण काही विचारत नव्हतो, शब्दाला शब्द लावून मोकळा व्हायचो.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्या अण्णांना युरोपातल्या गिऱ्हाईकानं अँटी-डंपिंग चौकशी, म्हणजे इथल्यापेक्षा स्वस्तात तिकडं माल विकता का याची तपासणी, सुरू झाल्याची नोटीस मेल केली. मी रात्री बसून मराठी केली, त्यात एक ओळ होती, ‘नमुना निवडीसाठी निर्यातदारांनी 7 दिवसांत माहिती द्यावी.’ दोन दिवसांनी अण्णांचा फोन, ‘नमुना तयार आहे, पत्ता सांग.’ जाऊन बघतो तर ऑफिसच्या दारात लाकडी पेटी, आत भुश्शात कास्टिंग, ग्राइंडिंग करून काळा रंग मारलेलं, वर टेस्ट सर्टिफिकेट चिकटवलेलं. माझ्या पोटात गोळाच आला.

अहो, तो नमुना मालाचा नव्हताच, कंपन्यांचा होता. निर्यातदार खूप असले की तिथले अधिकारी सगळ्यांचे हिशेब तपासत बसत नाहीत, मोजक्या कंपन्या निवडतात. बाकीच्यांनी किती टन माल पाठवला, किती रुपयांचा, एवढा फॉर्म वेळेत भरला तरी ते सहकार्य करणारे धरले जातात आणि निवडलेल्यांच्या जादा ड्युटीच्या दराची सरासरी त्यांना लागते. जो फॉर्मच भरत नाही त्याच्या मालाला ‘बाकी सर्व’ मधला दर, आणि तो बहुतेक वेळा सगळ्यात वरचा. दिवस मोजतात ते त्यांच्या राजपत्रात नोटीस छापल्यापासून, अण्णांचा मेल आला तेव्हाच पाचवा दिवस होता. आम्ही फॉर्म नवव्या दिवशी पाठवला, तो घेतला नाही. ड्युटी तिकडचा आयातदार भरतो हे खरं, पण त्यानं पुढची ऑर्डर दिलीच नाही.

डिक्शनरीत सॅम्पल म्हणजे नमुनाच, मग माझं काय चुकलं, असं मी बरेच दिवस स्वतःला पटवत होतो. पण फौंड्रीत नमुना म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं हे मला माहीत नव्हतं का?

म्हणून आता इथल्या डीलरला कितीला देता, गाडीभाडं कुणाचं, हे पण विचारतो. अण्णा म्हणायचे, ‘इथं 110 रुपये किलो, तिकडं 115, मग डंपिंग कुठनं आलं?’ पण तुलना कारखान्याच्या दारातल्या भावाची होते. इथलं भाडं आणि कमिशन 10 गेलं की राहिले 100, तिकडच्या 115 मधनं जहाजभाडं, विमा, बंदरापर्यंतचा खर्च मिळून 23 गेले की 92. फरक 8, तो 115 वर काढला की साधारण 7 टक्के मार्जिन. 2 टक्क्यांच्या आत असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं. हे नुसत्या भाषांतरात कुठं बसवू?

अण्णा अजून म्हणतात, तू सांगायला पाहिजे होतंस. मी म्हणतो, मेल पोचला तेव्हाच पाचवा दिवस होता. यावर आमचं कधीच जमत नाही.