साखळीच्या सहा कड्या

परवा कामानिमित्त महाल भागात गेलो होतो तर त्या वाड्यासमोर गाडी आपोआपच थांबली. दिवाळी होऊन आता महिना झाला, तरी डावीकडून दुसऱ्या खांबावरचा मोर पाह्यला आणि पोटात कसंतरी झालं. म्हटलं लिहूनच टाकावं एकदा.

मी लायटिंगचं काम करतो, वीस वर्षं झाली. गणपती, देवी, लग्नं आणि दिवाळी. दिवाळीच्या आठ दिवसांत आमचं काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही, बहुतेक वेळ लायटिंगमध्ये जातच नाही, तो जातो लोकांच्या घरच्या बोर्डात न्यूट्रल शोधण्यात आणि गेल्या वर्षी गुंडाळून ठेवलेल्या माळांचा गुंता सोडवण्यात. तर ते सोडा.

वाडा जुना, सागवानी. रस्त्याच्या बाजूने दगडी ओटा, त्यावर चार खांब, खांबांमध्ये महिरपी, वर लाकडी सज्जा, आणि सज्जाला खालून टेकू देणारे कोरीव घोडे. प्रत्येक घोड्यावर मोर. मान वळवलेली, चोचीत काहीतरी धरलेलं, पिसं एकेक मोजता येतील अशी. मागची भिंत मात्र पांढरीफक, नुकताच चुना मारलेला. घरात आजी, त्यांचा मुलगा म्हणजे काका, आणि काकांचा मुलगा जो पुण्याला असतो आणि दिवाळीला येतो. सामान यानेच आणून ठेवलं होतं. कूल व्हाईटच्या तीस माळा आणि ५० वॉटचे दोन फ्लडलाइट. म्हणे, "भाऊ, पूर्ण वाडा उजळून निघाला पाहिजे."

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या म्हणण्याप्रमाणेच लावून दाखवलं, कारण तोंडाने सांगून कोणी ऐकत नाही. खांबांना माळा गुंडाळल्या, सज्जाच्या कडेने झालर सोडली, फ्लड रस्त्याच्या कडेला ठेवून तोंड वाड्याकडे केलं. पावणेसहाला सूर्य गेला, सव्वासहाला अंधार झाला, स्विच टाकला. वाडा गायब! म्हणजे उजेड होता, भरपूर होता, पण दिसत होती एक पांढरी भिंत आणि तिच्यावर चार काळे दांडे. मोर एकही नाही.

हे असं का होतं ते मी दरवर्षी कोणाला ना कोणाला समजावतो. समोरून उजेड मारला की चुन्याची भिंत तो जवळजवळ सगळा परत फेकते आणि जुनं काळवंडलेलं सागवान गिळून टाकतं. डोळा भिंतीच्या हिशोबाने बारीक होतो मग लाकडात काहीच उरत नाही. दुसरं म्हणजे कोरीवकाम दिसतं ते उजेडाने नाही, सावलीने. पिसाच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला काळोख असला तरच ते पीस. फ्लड बरोबर नाकासमोर असला की सावली पिसाच्या मागे जाऊन लपते, सगळं सपाट. आणि माळा खांबालाच गुंडाळल्या तर नजर त्या दाण्यांवरच अडकते, मागचं लाकूड दिसतच नाही.

ते तपासायचा एक सोपा उपाय आहे, कोणीही करून पाहावा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं, एक डोळा मिटायचा, हात लांब करून पंज्याने फक्त माळ झाकायची. झाकल्यावर मागचं नक्षीकाम जास्त स्पष्ट दिसलं तर ती माळ तिथे नकोच. मी त्या मुलाला पलीकडे नेऊन उभं केलं. त्याने हात धरला, काढला, परत धरला. मग म्हणाला, "हे काय होऊन राहिलं?" हुशार पोरगा, एकदाच दाखवावं लागलं.

फ्लड दोन्ही बंद केले. तीसपैकी एकही माळ ठेवली नाही, दुकानात परत दिल्या, दुकानदाराने कुरकुर केली पण बदलून वॉर्म व्हाईट दिल्या, पाकिटावर २७०० केल्विन लिहिलेल्या. याच्यात मी हट्टी आहे. पणतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, पार नारंगी. कूल व्हाईट माळ असते ६५०० ची. दोन्ही शेजारी ठेवल्या की पणती मळकी, लालसर, आजारी दिसायला लागते आणि माणसाला वाटतं पणतीतच दम नाही. २७०० ची माळ पणतीच्या जवळपास बसते, भांडत नाही. हे गिऱ्हाइकाला विचारायचं काम विकणाऱ्याचं आहे, पण "व्हाईट का कलर" याच्यापलीकडे कोणी विचारत नाही.

मग खरं काम. सज्जाच्या पुढच्या तुळईच्या मागच्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही अशा अंगाला, बारा व्होल्टची एलईडी पट्टी अॅल्युमिनियमच्या चॅनलमध्ये बसवली आणि तोंड भिंतीकडे केलं. खिळा एकही मारला नाही, कापडी पट्ट्यांनी तुळईला बांधली. डिमर लावून पाव भागावर आणली. आता भिंत मंद उजळली आणि तिच्यापुढे खांब आणि महिरपी काळ्या रेघेत उभ्या राहिल्या, महिरपीची प्रत्येक पाकळी मोजून घ्यावी अशी. वरच्या मजल्याच्या जाळीच्या खिडक्यांना बाहेरून काहीच लावलं नाही, आत खोलीत खाली जमिनीवर एकेक छोटा दिवा ठेवला. जाळी आतून उजळली. बदलून आणलेल्या माळांतल्या फक्त सहा लागल्या, त्याही छपराच्या कडेला, नक्षीपासून लांब. उजवीकडच्या खांबासमोर रस्त्याचा पांढरा एलईडी आहे, तिथे आपलं काही चालत नाही, म्हणून तो खांब तसाच सोडून दिला.

ओट्याच्या कडेला आणि पायऱ्यांवर साठ पणत्या. दुपारीच दोन तास पाण्यात भिजवून सुकवल्या, नाहीतर कोरडी माती तेल पिऊन टाकते आणि रात्री आठलाच वात जळायला लागते. दगडावर तेलाचे डाग पडू नयेत म्हणून प्रत्येकीखाली पळसाचं पान. आजी स्वतः पानं पुसून देत होत्या.

राह्यले मोर. त्यांना खालून आणि जरा बाजूने उजेड पाहिजे होता, आणि तो पणतीचाच पाहिजे होता, कारण हलणाऱ्या ज्योतीने पिसं हलल्यासारखी वाटतात, ते एलईडीला जमत नाही. पण एका मेणबत्तीचा उजेड धरला तर १२ ल्युमेन, पणतीचा त्याहून कमी, आणि दिवा दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई उरतो. ओट्यावरच्या पणतीचा उजेड मोरापर्यंत काही पोचत नव्हता. तेव्हा आजी म्हणाल्या की आत पितळी लामणदिवे आहेत, चार, आणि सज्जाच्या तुळईला त्यांच्या कड्याही आहेत, पाहा वर. होत्या! रंगाखाली बुजलेल्या. म्हणजे पूर्वीच्या लोकांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं, दिवा कुठे लटकला की मोर दिसेल ते.

तीन दिवे लटकवले. मूळ साखळीला दिवा मोराच्या खाली साधारण अडीच फुटांवर येत होता. दिसत होतं, पण मानेच्या वळणात सावली मऊ पडत होती. मी पलीकडे गेलो, पाह्यलं, परत आलो, साखळीच्या सहा कड्या वर घेतल्या. दिवा फूट-सव्वा फुटावर आला. आणि काय सांगू, मान सुटून बाहेर आली. चोचीतलं ते काहीतरी म्हणजे मोत्यांची माळ आहे हे काकांनी पहिल्यांदा पाह्यलं, साठ वर्षं त्या घरात राहून. रस्त्यावरचे लोक थांबायला लागले. मी त्या रात्री घरी जाऊन बायकोला फोटो दाखवत बसलो, जेवण थंड झालं.

लक्ष्मीपूजनाला मी दुसऱ्या तीन साईटवर होतो. रात्री अकराला काकांचा फोन, "भाऊ, जरा येऊन जाता का?" आवाज शांत होता, त्यानेच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या खांबावरच्या मोराची मान गळ्यापासून चोचीपर्यंत काळी. आग नाही, लाकूड जळालं नाही, काजळी. झालं असं की मी भरून दिलेलं तिळाचं तेल नऊला संपलं, आणि घरातल्या कोणीतरी चकल्या तळून उरलेलं तेल ओतलं, आणि मंद वाटली म्हणून वात बोटभर बाहेर ओढली. तळणीच्या तेलात पिठाचा गाळ असतो, तो वातीच्या टोकाला जमतो आणि ज्योत धुरकट होते. वात लांब असली तर अजून जास्त. ओळखायला सोपं असतं, ज्योत शांत आणि बदामासारखी असली तर ठीक, टोक लांब होऊन फडफडायला लागलं आणि त्याच्यावर काळी रेघ दिसली की लगेच वात आत सारायची. पण त्या रात्री कोण बघणार, सगळे फटाक्यात.

आणि मी दुसरी चूक केली, ही माझी एकट्याची. घाबरून खिशातला फडका काढला, पाण्याचा थेंब लावला आणि पुसलं. ती काजळी वर बसलेली होती, ती ओल्या फडक्याने मी पिसांच्या रेघांत कोंबली. दुसऱ्या दिवशी जुन्या लाकडाचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला तर तो पहिलं वाक्य हेच बोलला, "पुसलं तर नाही ना?" कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झटकायची असते, मग कोरडा रबरी स्पंज, दाबत दाबत, घासत नाही. पाणी अजिबात नाही. तो येऊन दोन तास बसला, गळ्यावरची बरीच निघाली, पण मानेच्या वळणात जिथे रेघा सगळ्यात बारीक आहेत तिथे अजून राख-काळं आहे. तो म्हणाला याच्यापुढे गेलो तर लाकूड जाईल.

काकांनी एका शब्दाने बोल लावला नाही. पैसे पूर्ण दिले, मी अर्धे परत केले तर आजींनी घेऊ दिले नाहीत. म्हणाल्या, "तेल आमच्या घरचं होतं बाबा." तेल त्यांचं होतं, खरं आहे. पण दिवा अडीच फुटावर असता तर तोच धूर वाटेत विरला असता, फार तर मोराच्या पोटावर धूसर छटा आली असती. ज्याने कोणी साखळी तेवढी लांब ठेवली होती, त्याला तळणीचं तेलही माहीत होतं आणि पोरंही माहीत होती. मी पलीकडच्या फुटपाथवरून बघून कड्या वर घेतल्या.

त्रिपुरी पौर्णिमेला त्यांनी परत बोलावलं. तुळईमागची पट्टी तशीच लावली, जाळीतले दिवे तसेच. लामणदिवे मूळ साखळीवर सोडले, शेवटच्या कडीपर्यंत, आणि प्रत्येकाच्या वर दोन बोटं अंतर ठेवून पितळी ताटली तारेने टांगली, धूर आधी तिला लागावा म्हणून. ताटलीने वरचा उजेड कापला जातो, म्हणून ती जरा तिरकी केली, रस्त्याच्या बाजूने खाली. मानेचं वळण पूर्वीसारखं सुटून आलं नाही. रात्री दहाला ताटली उतरवून पाह्यली तर खालच्या बाजूला बोटाला लागेल इतकं काळं होतं.