आमची वाटचाल : पेमेंटचं कलम मराठीत आणताना

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट सुरू झालं तेव्हा आम्ही स्वतःच जॉबवर्कवाले होतो. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, टर्निंग-ड्रिलिंग करून आम्ही परत द्यायचो आणि पैशांचं सगळं बोलणं तोंडी असायचं. पुढे मोठ्या कंपन्यांची कामं मिळाली, त्यांच्या छापील इंग्रजी पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, आल्या. काम आवाक्याबाहेर जायला लागलं तसं काही ऑपरेशन आम्ही आसपासच्या लहान युनिटांना देऊ लागलो. कंपनी आम्हाला ज्या अटींवर पैसे देते, जवळपास त्याच अटींवर आम्ही त्यांना देतो, म्हणून कंपनीच्या पीओतलं पेमेंटचं कलम आमच्या पीओतही आलं. तेही इंग्रजीतच.

ज्यांनी त्यावर सही करायची ती माणसं लेथवर उभी राहून काम करणारी. आमचे एक जुने जॉबवर्कवाले आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते पीओ पुढे ठेवून म्हणाले, "मालक, सही करतो, पण पैसे कुठल्या तारखेला मिळणार ते मराठीत लिहून द्या." मागणी रास्त होती. तेव्हापासून प्रत्येक पीओला मराठी पान जोडायची आमच्याकडे पद्धत पडली. आमचे हिशोब वहिनी बघतात, पहिला मसुदाही त्याच करतात.

कलम अवघं तीन वाक्यांचं आहे. रीतसर बिल मिळाल्याची किंवा माल स्वीकारल्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून 30 दिवसांत पैसे. खरेदीदाराला बिलातले 5 टक्के राखून ठेवायची मुभा, ते माल स्वीकारल्यावर 90 दिवसांनी सोडायचे. आणि मुदत टळलेल्या रकमेवर दरमहा 1.5 टक्के सरळ व्याज. अर्थ कळायला अवघड काहीच नाही. अवघड आहे ते एकाच अर्थाचं मराठी लिहिणं.

पहिली अडचण कर्त्याची. मराठीत 'बिल मिळाल्यापासून 30 दिवसांत रक्कम अदा करण्यात येईल' असं वाक्य सहज होतं आणि कार्यालयीन कागदावर ते शोभूनही दिसतं. पण त्यात बिल कुणाला मिळायचं आणि रक्कम कोण देणार, दोन्ही गायब. अण्णांचा मुलगा बिल आमच्या गेटवर सिक्युरिटीकडे देतो, तिथून ते अकाउंट्सला पोचायला वेळ लागतो. 'मिळालं' कधी? इंग्रजी कलमात खरेदीदाराला मिळाल्याची तारीख असं स्पष्ट आहे, मग मराठीतही 'खरेदीदाराला' हा शब्द यायलाच हवा. 'करण्यात येईल', 'देण्यात येईल' ही रूपं आम्ही या पानावरून पूर्ण काढून टाकली. प्रत्येक क्रियापदाला कर्ता : खरेदीदार देईल, खरेदीदार राखून ठेवू शकेल, पुरवठादार बिल देईल. 'ठेवू शकेल' हेही मुद्दाम, कारण मूळ कलमात मुभा आहे. 'ठेवेल' लिहिलं की प्रत्येक बिलातून 5 टक्के कापणं ठरूनच गेलं.

दुसरी अडचण 'बाकी' या शब्दाची. आपल्या व्यापारी बोलण्यात बाकी म्हणजे येणं असलेली कुठलीही रक्कम, मुदत झालेली असो वा नसो. समजा बिल कर धरून 1,20,000 रुपयांचं आहे. त्यातले 6,000 राखून ठेवले आणि 1,14,000 देय झाले. कलमात 'बाकी रकमेवर व्याज' असं लिहिलं तर राखून ठेवलेले 6,000 सुद्धा बाकीच आहेत, आणि त्यावर महिना 90 रुपये व्याज मागायला पुरवठादार मोकळा. रक्कम लहान आहे, पण अशी बिलं वर्षभर साठली की भांडायला पुरेशी होते. मूळ कलमात व्याज फक्त मुदत टळलेल्या रकमेवर आहे. म्हणून आम्ही 'देय तारीख उलटूनही न दिलेली रक्कम' असं लांब पण एकच अर्थ होणारं लिहिलं. 'थकीत' चाललं असतं, पण काहीजण थकीत आणि बाकी एकच समजतात, असं विचारल्यावर कळलं.

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तोच तो शब्द पुन्हा वापरू नये. करारात नेमकं उलटं करावं लागतं. वहिनींनी पहिल्या मसुद्यात एकदा 'बिल', एकदा 'देयक', एकदा 'इनव्हॉइस' लिहिलं होतं. वाचायला छान, पण वाचणाऱ्याला वाटतं की तीन वेगळे कागद आहेत, त्यात आमच्याकडे मालाबरोबर डिलिव्हरी चलनही येतं. आता एकच शब्द, 'कर बिल', पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

शब्द जुळले तरी अर्थ जुळला का, हे तपासायची आमची रीत साधी आहे आणि मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. इंग्रजी न पाहिलेल्या दोघांना मराठी पान देतो, बरोबर तीन तारखा देतो आणि विचारतो, पैसे शेवटी कधी मिळायला हवेत? माल आला 3 जूनला, बिल आमच्या हाती 9 जूनला, तपासून माल स्वीकारला 18 जूनला. पहिल्या मसुद्यावर अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत 9 जुलै सांगितलं, आमच्या सुपरवायझरने 18 जुलै. अण्णा म्हणाले, "नंतर म्हणजे बिल. माल आधी येतो, बिल नंतर." मसुद्यात होतं, 'कर बिल मिळाल्यापासून किंवा माल स्वीकारल्यापासून, जे नंतर असेल ते'. ते 'जे' कशाला लागतं ते वाक्यातून कळत नव्हतं. मग वाक्य फोडून लिहिलं :

'खरेदीदार पुढील दोन तारखांपैकी जी तारीख नंतरची असेल, त्या तारखेपासून 30 दिवसांत रक्कम देईल. (अ) रीतसर कर बिल खरेदीदाराला मिळाल्याची तारीख. (आ) खरेदीदाराने माल स्वीकारल्याची तारीख.'

यावर दोघांनीही 18 जुलै सांगितलं. सुपरवायझरने एक शंका काढली, 18 जून हा पहिला दिवस धरायचा का? धरला तर 17 जुलै होतो. मूळ इंग्रजीत याबद्दल काहीच नाही. इथे 'पहिला दिवस मोजायचा नाही' असं वाक्य घालायचा मोह होतो आणि ते घातलं तर पान अधिक स्पष्टही होईल. पण ते भाषांतर उरणार नाही, आपण नवी अट लिहिली असं होईल. भाषांतर करणाऱ्याने मुळातली फट बुजवायची नसते आणि मोठीही करायची नसते. आम्ही मराठी वाक्य जसंच्या तसं ठेवलं आणि पहिला दिवस मोजणार नाही, हे खरेदीदार म्हणून आमच्या लेटरहेडवर वेगळ्या पत्रात लिहून दिलं. कंपनीच्या कलमाबाबत असाच प्रश्न आम्ही कंपनीला मेल करून विचारतो आणि आलेलं उत्तर फाइलला लावतो.

याच तारखांच्या खेळात एक मोठी गोष्ट पुढे आली आणि तिथे घरचं भाषांतर थांबलं. वहिनींनी विचारलं, तपासणी 25 जूनला झाली असती तर? कलमाप्रमाणे 25 जुलै. पण सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 यातलं कलम 15 सूक्ष्म आणि लघू पुरवठादाराचे पैसे स्वीकृतीच्या दिवसापासून 45 दिवसांपलीकडे लांबवू देत नाही, मग दोघांनी लेखी काहीही ठरवलेलं असो. आणि स्वीकृतीचा दिवस कुठला, हेही कायदाच सांगतो. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा. म्हणजे 3 जूनपासून 45 दिवस, 18 जुलै. कागदावर 30 दिवसांचं दिसणारं कलम तपासणी लांबली की कायद्याची मर्यादा ओलांडतं. व्याजाचंही तसंच. आमच्या कलमात दरमहा 1.5 टक्के सरळ आहे, पण त्या कायद्याचं कलम 16 उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज लावतं, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी.

आता भाषांतर करणाऱ्याने काय करायचं? 1.5 टक्के आहे तिथे 1.5 टक्केच लिहायचं. कायद्याप्रमाणे दुरुस्त करून मराठी पानावर दुसरा आकडा घातला, तर दोन भाषांत दोन करार तयार होतात. चूक भाषांतरात नाही, कलमातच आहे, आणि कलम बदलायचं ते वकिलांकडून. आम्ही गेलो. त्यांनी इंग्रजी कलमातच वरची मर्यादा घातली, मगच आम्ही मराठी पान नव्याने केलं. सीएंनी दुसरी बाजू दाखवली. करनिर्धारण वर्ष 2024-25 पासून अशा पुरवठादाराला कायद्याच्या मुदतीनंतर दिलेली रक्कम आम्हाला प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी खर्चात धरता येते, बिलाच्या वर्षी नाही. मार्चअखेरच्या बिलांना हे फार लागतं.

त्या भेटीत वकिलांनी विचारलेला एक प्रश्न मी आता प्रत्येक कागदाला विचारतो : वाद झाला तर कुठली भाषा खरी धरायची? आमचं मराठी पान फक्त समजण्यासाठी असेल, तर तसं त्याच पानावर लिहायचं आणि ग्राह्य मजकूर इंग्रजी, हेही लिहायचं. असं पान आम्ही घरी करू शकतो. पण अण्णांसारख्या माणसाने ज्या कागदावर सही करायची, तोच त्याला वाचता यावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून नव्या वर्षाच्या करारात मराठी मजकूरच ग्राह्य धरायचं ठरवलं, आणि ते काम कायदेशीर मजकुराचं भाषांतर करणाऱ्या बाईंना दिलं. त्यांचं मराठी वकिलांनी वाचलं. दोघांची कामं वेगळी आहेत. बाई मूळ आणि मराठी ओळीला ओळ जुळवतात, कलम कायद्यात टिकेल का हे त्या सांगत नाहीत. वकील ते सांगतात, पण वाक्य अण्णांना कळेल का याची जबाबदारी ते घेत नाहीत.

रिजेक्शनचा खर्च कुणी सोसायचा, नुकसानभरपाई, लवाद, करार मोडण्याची नोटीस ही कलमं आम्ही घरी अजिबात करत नाही. पेमेंटचंसुद्धा परदेशी चलनातलं असेल, किंवा कागद वसुलीच्या अर्जासोबत सूक्ष्म आणि लघू उद्योग सुकरता परिषदेकडे जायचा असेल, तर तेही बाहेर देतो. देताना सोबत मूळ कलम, आमचा मसुदा आणि तारखांचा तक्ता जोडतो : माल, बिल, तपासणी, आणि प्रत्येक वाचणाऱ्याने काढलेली देय तारीख. भाषांतराच्या बाईंनी सगळ्यांत आधी तो तक्ताच मागून घेतला, कारण कुठल्या वाक्यावर माणसं दोन बाजूंना जातात ते त्यात लगेच दिसतं.