चार खण आणि एक मेहुणा

आमच्या घरातल्या जुन्या कपाटाला चार खण आहेत. वरच्या खणात रोज लागणारं सामान, तर खालच्यात कोणी विचारत नाही ते. गेल्या नोव्हेंबरात मी ऑफिससाठी चार खणांचा तक्ता काढला, तेव्हा कळलं की आमचे सगळेच प्रकल्प वरच्या खणात जाऊन बसलेत.

मी दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये विश्लेषक आहे. काम आकड्यांचं, पण हंगामात हातात कात्रीही येते. सरांनी सांगितलं होतं, "पुढच्या हंगामाआधी काय काय करायचं, ते लिहून पाठवा." यादीत सहा कामं होती. कागदावर उभी रेघ फायद्याची आणि आडवी मेहनतीची, की झाला टू बाय टू. पण प्रत्येक कामाच्या मालकाला विचारलं, तर फायदा "खूप" आणि मेहनत "थोडी". सहाही ठिपके वर डावीकडे. असा तक्ता म्हणजे यादीच, फक्त चौकटीत घातलेली.

मग "खूप" हा शब्दच काढून टाकला. फायदा एका हंगामात वाचणाऱ्या रुपयांत मोजायचा आणि मेहनत माणूस-आठवड्यांत. फायद्याची रेघ चार लाखांवर ओढली, कारण तिथे तीन कामं वर राहतात आणि तीन खाली. ही रेघ सोयीचीच आहे, ते कबूल. मेहनतीची मात्र सोयीने ओढता आली नाही. दहा नोव्हेंबर ते पंधरा जानेवारी म्हणजे नऊ आठवडे, माणसं दोन, आणि दोघांचा निम्मा वेळ रोजच्या कामात जातो. हातात उरले नऊ माणूस-आठवडे. रेघ नऊवर. तिच्या उजवीकडचं काम चांगलं असलं तरी हंगामाआधी उभं राहणार नाही.

आता ठिपके पांगले. नवीन सॉफ्टवेअर दहा लाख वाचवेल, पण त्याला चोवीस माणूस-आठवडे लागतील, म्हणजे ते मे महिन्यानंतरचं काम. वर डावीकडच्या खणात दोनच राहिली. तोडलेली द्राक्षं गार करायच्या, म्हणजे प्रीकूलिंगच्या, खोलीतलं तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रणा (आठ लाख, चार आठवडे) आणि पेट्यांवरची बारकोड लेबलं (सहा लाख, सहा आठवडे). दोघांची बेरीज दहा, हातात नऊ. दोन्हींना एकच खण मिळाला, आणि खण त्यातलं पहिलं कोणतं ते सांगत नाही. तिथे विश्लेषकानेच बोलावं लागतं.

म्हणून दोन्ही आकडे मुद्दाम बिघडवून पाहिले. फायदा निम्मा धरला, मेहनत दीडपट. प्रीकूलिंगचं काम चार लाख आणि सहा आठवड्यांवर आलं, म्हणजे रेघेला टेकून, पण खणातच. लेबलं तीन लाखांवर घसरून खाली गेली. प्रीकूलिंगमागे कारणही आहे. तोडलेलं द्राक्ष काही तासांत गार झालं नाही, तर आधी देठ सुकून तपकिरी पडतो. परदेशातला खरेदीदार पेटी उघडताच देठाकडे बघतो. आमच्याकडे तापमान वहीत लिहितात. रात्री दोन वाजताचा आकडा कसा लिहिला जातो, ते सांगायला नको.

मेलचा पहिला मसुदा मी अभिमानाने लिहिला. पार्श्वभूमी, पद्धत, गृहीतकं, आणि शिफारस तिसऱ्या पानावर. मग आठवलं की सर मेल मोबाइलवर वाचतात, शेडमध्ये उभं राहून, पेट्या मोजता मोजता. त्यांना दिसतात पहिल्या दोन ओळी. सगळं उलटं केलं.

"विषय: प्रीकूलिंगची नोंद आधी करू, शुक्रवारपर्यंत होकार हवा. सर, हंगामाआधी हे एकच काम सुरू करावं असं सुचवतो. वेळ उरला तर लेबलांची तयारी. सॉफ्टवेअर मे महिन्यानंतर. वेबसाइट सोडून द्यावी." खाली तक्ता आणि त्याखाली एक ओळ: गेल्या हंगामातल्या नाकारलेल्या पेट्यांचा हिशोब चुकीचा निघाला, तर माझं मत बदलेल. ती ओळ लिहिताना हात थोडा थांबला. पण चुकण्याची जागा मी दाखवली नाही, तर दुसरा कोणीतरी दाखवणारच, आणि तोही हंगामात.

खरा घोळ वेबसाइटचा होता. एक लाख फायदा, बारा आठवडे, म्हणजे खालच्या उजव्या खणात सरळ उतरलेलं काम. ते आणलं होतं सरांच्या मेहुण्याने. "पुढे विचार करू" असं गुळमुळीत लिहायचा मोह झाला. पण तसं लिहिलं असतं, तर डिसेंबरात कोणीतरी त्यातच गुंतून बसलं असतं. "सोडून द्यावी" तसंच ठेवलं आणि पाठवण्याचं बटण दाबून चहाला गेलो.

संध्याकाळी उत्तर आलं. दोन वाक्यांचं.

"प्रीकूलिंग मंजूर. मेहुण्याला तुम्हीच सांगा."