८७ वाली परत घ्या, ८२ वालीच बरी होती

आमच्या कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरीत शनिवारी सकाळी एक काका आले, नेहमीचे गिऱ्हाईक, दर महिन्याला पाव किलो एस-७९५ वॉश्ड, म्हणजे एस-७९५ जातीची, गर धुऊन वाळवलेली कॉफी नेणारे. हातात आमचीच उघडलेली पिशवी, चिकमगळूरचा नॅचरल, म्हणजे अख्ख्या फळासकट वाळवलेला लॉट, वर ठळक आकड्यात ८७. काउंटरवर ठेवून म्हणाले, "अगं हे काय दिलंस? नेहमीची ती ८२ वाली एवढी छान, म्हणून म्हटलं या वेळी ८७ घेऊन बघू तर घरात कोणी पीत नाहीये, बायको म्हणते दूध नासलंय." पैसे परत मागत नव्हते, त्यांना फक्त उत्तर हवं होतं की पाच मार्क जास्त असून चव वाईट कशी काय.

मी तिथे रोस्टिंग आणि क्यूसी बघते, म्हणजे त्या पिशवीवरचा आकडा मीच आणि आमच्या टीमने दिलेला. त्यामुळे त्यांना आत कपिंगच्या, म्हणजे कॉफी चाखून मार्क द्यायच्या टेबलावर घेऊन गेले आणि दोन्ही लॉटचे फॉर्म समोर ठेवले.

पिशवीवर शंभरपैकी एकच आकडा दिसतो पण आम्ही वापरतो त्या एससीए, म्हणजे स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या फॉर्मवर दहा खाने असतात, प्रत्येकाला जास्तीत जास्त १०. त्यातले तीन, म्हणजे युनिफॉर्मिटी, क्लीन कप आणि स्वीटनेस, हे चवीच्या आवडीचे नसतातच. एका कॉफीचे पाच कप लावायचे, पाचही सारखे, स्वच्छ आणि गोडसर लागले की प्रत्येक कपाला दोन धरून प्रत्येक खान्यात दहापैकी दहा. बऱ्या लॉटला हे ३० मिळतातच. उरलेल्या सात खान्यांत मार्क ६ पासून सुरू होतात आणि पाव-पाव पॉइंटने वर जातात, त्यामुळे ८० च्या वर म्हणजे स्पेशालिटी म्हणताना सगळा खेळ खरं तर ७ ते साडेआठच्या मधेच चाललेला असतो.

काकांची ८२.२५ वाली: सुगंध ७.५, फ्लेवर ७.५, आफ्टरटेस्ट ७.२५, अॅसिडिटी ७.२५, बॉडी ७.७५, बॅलन्स ७.५, ओव्हरऑल ७.५, बेरीज ५२.२५, त्यात ते ३०. नॅचरलचे सात मिळून ५७. फरक पावणेपाचचा, आणि तो कुठून आला तर सुगंधात १, अॅसिडिटीत १, फ्लेवर, आफ्टरटेस्ट आणि ओव्हरऑलमध्ये पाऊण-पाऊण, बॅलन्समध्ये अर्धा. बॉडी? दोघींची ७.७५. काकांनी बोट ठेवून विचारलं, "म्हणजे दाटपणात काहीच जास्त नाही, आंबटपणाचे मार्क जास्त?" मी म्हटलं अगदी बरोबर, फक्त तो आंबटपणा किती आहे याचे मार्क नाहीत, चांगला आहे का याचे आहेत. किती आहे ते फॉर्मवर बाजूला उभ्या रेघेवर खूण करून लिहितात, ते बेरजेत धरत नाहीत आणि पिशवीवर तर कधीच येत नाही. ज्याला आंबटपणा नकोच आहे त्याच्यासाठी ती उभी रेघच खरी कामाची, आणि नेमकी तीच छापत नाहीत, मला हे पहिल्यापासून खटकतं.

मग म्हटलं प्यायला लावूनच बघू. चार बोल लावले, दोनात एस-७९५, दोनात नॅचरल, पण काकांना सांगितलं चारही वेगळ्या आहेत. दोन्ही सॅम्पल आदल्या दिवशी हलक्या भाजलेल्या होत्या. ८.२५ ग्रॅम पावडरीला १५० मिली पाणी, ९३ डिग्रीच्या आसपास, चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने फोडायचा, फेस काढायचा, आणि साधारण ७० डिग्रीपर्यंत उतरलं की चमच्याने जोरात आवाज करत ओढायचं (काकांना हा आवाज जमायला वेळ लागला, आधी लाजले मग मजा यायला लागली).

गरम असताना काकांनी दोन्ही एस-७९५ वर ठेवल्या आणि दोन्ही नॅचरल खाली, न सांगता, म्हणजे त्यांची जीभ गोंधळलेली नव्हती, आवडच तशी होती. पण बोल कोमट झाल्यावर परत फिरवलं तेव्हा एक नॅचरल उचलून म्हणाले, "ही आत्ता जांभळासारखी लागतेय, मगाशी का नाही लागली?" कपिंगला म्हणूनच कॉफी थंड होईपर्यंत चाखत राहतात, गोडवा आणि अॅसिडिटी कोमट झाल्यावर उलगडते आणि तिथेच ८५ च्या वरच्या कॉफ्या मार्क खेचतात. कोण घरी कॉफी कोमट करून पितं?

आणि काका पितात कशी, तर स्टीलच्या फिल्टरचा डिकॉक्शन, निम्म्याहून जास्त गरम दूध, दीड चमचा साखर. कपिंगमध्ये दूध नाही, साखर नाही, फिल्टरही नाही. तर दुकानातल्याच दोन फिल्टरमध्ये पिशवीतल्या कॉफीचे डिकॉक्शन लावले. नॅचरलची पिशवी आम्ही हलकी भाजून विकतो, हलक्या भाजणीची कॉफी पाण्यात कमी उतरते म्हणून तिचा डिकॉक्शनच पातळ आला, त्यात दुधाने तो एक पॉइंटचा सुगंध दाबून टाकला आणि मागे राहिला आंबूस फळाचा वास, जो दुधात खरंच नासल्यासारखा वाटतो, काकू चूक नव्हत्या. एस-७९५ मीडियम-डार्क भाजलेली, दुधातून कडवट चॉकलेटसारखी वर आली. आमच्या टीममधल्या सगळ्यांनीही दुधात तीच उचलली, आणि काळी प्यायला दिली असती तर यातले बहुतेक नॅचरलवर पडले असते, मी तर नक्की.

काकांनी शेवटी विचारलं की मग हा आकडा आहे कोणासाठी. मुळात तो कच्चा बी घेणाऱ्यासाठी आहे, लॉटला काय भाव द्यायचा ते ठरवायला. मार्क सॅम्पल रोस्टला दिलेले असतात, तुमच्या पिशवीतल्या भाजणीला नाही, आणि पीक आल्यावर दिलेला आकडा वर्षअखेरीलाही पिशवीवर तसाच असतो, बी तोवर गोदामात जुना होत असला तरी. शिवाय दिले कोणी हेही बघायचं. याच नॅचरलला इस्टेटीच्या कागदावर ८८.५ होते, आमच्या टेबलावर ८७ आले. लॉट तोच, टेबल वेगळं, आणि विकणाऱ्याचा हात जरा सैल असतोच. म्हणून ८६ आणि ८६.७५ मधे निवड करत बसू नका म्हणते मी, तेवढा फरक तर दोन कपर्समध्येही पडतो. आणि रोबस्टाच्या पिशवीवर ८५ दिसलं तर ते अरेबिकाच्या ८५ शी लावायचं नाही, या जुन्या पद्धतीत दोघांचा फॉर्मच वेगळा असतो.

एससीएने २०२३ पासून नवीन पद्धत आणलीये, त्यात कॉफी कशी आहे याचं वर्णन आणि ती किती आवडली हे दोन वेगळ्या फॉर्मवर लिहितात. माझ्या मते हे खूप आधी व्हायला हवं होतं, पण पिशवीवर अजूनही एकच आकडा येतो कारण आकडा खपतो, आमचे मालकही स्पष्ट म्हणतात की ८७ काढून "बॉडी मध्यम, अॅसिडिटी जास्त" छापलं तर कोण घेईल. मी निदान शेल्फखाली पेनने लिहून ठेवलंय, दुधात चालेल की नाही ते.

काकांनी नॅचरल परत नेली, मुलगी सुट्टीला येणारे ती काळी पिते म्हणाले, आणि सोबत पाव किलो ८२ वाली, फिल्टरसाठी दळून.